ताप उतरल्याच्या दिवशीचा पेग

जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात तापाची रांग हटत नाही. फ्लू, डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, टायफॉइड असे सगळे एकाच बाकावर बसलेले असतात. तपासून झाले, केसपेपर लिहून झाला, गोळ्या समजावून झाल्या, की काही पुरुष रुग्ण क्षणभर रेंगाळतात. सोबत आलेली बायको किंवा आई औषधाच्या खिडकीकडे गेली आहे ना, हे बघून घेतात आणि हळूच विचारतात, "डॉक्टर, थोडी घेतली तर चालेल का?" काही जण विचारत नाहीत, सांगूनच टाकतात, "काल अंग फार मोडून आलं होतं, म्हणून दोन झाकण ब्रँडी घेतली गरम पाण्यातून. औषध म्हणून."

"घेऊ नका" एवढे बोलून पुढच्या रुग्णाला हाक मारणे सोपे आहे. पण कारण न सांगता दिलेला "नको" रुग्णालयाच्या फाटकापर्यंतही टिकत नाही. म्हणून आज या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर देतो.

आधी जे खरे आहे ते मान्य करू. साध्या सर्दीत एखाद्या धडधाकट माणसाने एक छोटा पेग घेतला, तर त्याची सर्दी अमुक इतके दिवस लांबते, असे ठामपणे सांगण्याजोगा पुरावा नाही. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या फुप्फुसातील जंतू गिळणाऱ्या पेशी मंदावतात, श्वासनलिकेतील कफ वर ढकलणारी बारीक केसांची लव नीट काम करत नाही. त्यांना न्यूमोनिया अधिक वेळा होतो आणि झाला की अधिक गंभीर होतो, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. या दोन टोकांच्या मध्ये आपल्याकडचे बहुसंख्य पिणारे येतात. त्यांच्या बाबतीत "दारूने बरे व्हायला उशीर होतो का" हा प्रश्नच अपुरा आहे. उशिरापेक्षा मोठी भीती ही, की तापात शरीर जी धोक्याची खूण दाखवते, ती दारूमुळे झाकली जाते. आणि ही खूण बहुतेक वेळा ताप उतरल्यावर दिसते. आपल्याकडे बाटली उघडली जाते तीही त्याच दिवशी.

ब्रँडी हे औषध आहे, ही समजूत गावठी नाही. ती वैद्यकातूनच आली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधील डॉ. रॉबर्ट बेंटली टॉड हे तापाच्या रुग्णांना ठरावीक तासांनी ब्रँडी देण्याचे मोठे पुरस्कर्ते होते. ताप रुग्णाची शक्ती खातो आणि दारू ती टिकवते, असे तेव्हा मानले जाई. पुढे वैद्यकाने हा विचार टाकून दिला, पण घराघरात तो राहिला. आपल्याकडे बाळाच्या छातीला ब्रँडी चोळतात, कोकणात आणि गोव्यात सर्दीला फेणी घेतात. घेतल्यावर बरे वाटते, म्हणून समजूत टिकते. हे बरे का वाटते?

मेंदूच्या तळाशी शरीराचे तापमान ठरवणारे एक केंद्र आहे. जंतुसंसर्ग झाला की रक्तात सुटलेल्या रसायनांमुळे हे केंद्र आपला काटा वर सरकवते. समजा, तो ९८.६ वरून १०२ अंश फॅरनहाइटवर गेला. शरीर अजून ९९ वर आहे, म्हणून केंद्राच्या दृष्टीने ते थंड पडले आहे. मग त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय गार होतात, हुडहुडी भरते आणि स्नायूंच्या थरथरीतून उष्णता तयार होते. अशा वेळी दारू घेतली, की त्वचेतील आकसलेल्या वाहिन्या सैल होतात. गरम रक्त कातडीपर्यंत येते आणि ऊब आल्यासारखे वाटते. पण ती ऊब शरीराने तयार केलेली नसते. आतली उष्णता बाहेर जात असते. वरचा काटा अजून १०२ वरच असल्याने शरीराला ती उष्णता पुन्हा तयार करावी लागते. त्यात खर्ची पडते ती शक्ती आणि पाणी. "ब्रँडीने घाम आला आणि ताप उतरला" असे जे सांगितले जाते, त्यात घाम खरा असतो. ताप मात्र तासा-दोन तासांनी परततो आणि मधल्या वेळात अंगातले पाणी कमी झालेले असते.

लहान मुलांच्या बाबतीत हा प्रयोग कोणत्याही स्वरूपात करू नये. बाळाची कातडी पातळ असते. चोळलेली दारू त्यातून आणि श्वासातून आत जाते. तापाने खाणे सुटलेल्या बाळाची रक्तातील साखर त्यामुळे एकदम खाली येऊ शकते.

आता पाण्याचा हिशेब. तापातला खरा हिशेब तोच आहे. साध्या दिवशीही मोठ्या माणसाचे पाऊण ते एक लिटरच्या आसपास पाणी श्वास आणि त्वचेतून नकळत जाते. ताप एक अंश सेल्सियसने वाढला, की हे जाणे साधारण दहा-बारा टक्क्यांनी वाढते. ताप उतरताना येणारा घाम वेगळा, उलटी-जुलाब असतील तर ते आणखी वेगळे. दुसऱ्या बाजूला तोंडाची चव गेलेली असते, घोटभर पाणीही नकोसे वाटते. म्हणजे खर्च वाढलेला आणि जमा घटलेली. अशा वेळी शरीर बचतीला लागते. मेंदूतून सुटणारे एक संप्रेरक मूत्रपिंडाला सांगते, "पाणी सोडू नकोस, परत घे." म्हणून तापात लघवी कमी आणि गडद पिवळी होते.

दारू नेमके हेच संप्रेरक दाबते. एक ग्रॅम शुद्ध अल्कोहोलमागे सुमारे दहा मिलिलिटर जास्तीची लघवी होते, असा जुना आणि ढोबळ हिशेब आहे. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असते. एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलिलिटरमध्ये, साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल भरते. त्यामुळे सुमारे ६०० मिलिलिटर, म्हणजे तीन पेले पाणी जास्तीचे बाहेर जाते. ज्याचे अंग आधीच कोरडे पडले आहे, त्याच्यात हा परिणाम काहीसा कमी होतो, कारण शरीर पाणी सोडायला राजी नसते. तरीही तापाच्या माणसाला हा व्यवहार परवडणारा नाही. शिवाय क्वार्टर घेतलेला माणूस रात्री पेज किंवा ताक मागत नाही, तो आडवा होतो. जे पाणी त्याने प्यायला हवे होते, तेही राहून जाते. "बिअरमध्ये पाणीच तर असते" या युक्तिवादालाही हाच हिशेब लागू आहे. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ४० ग्रॅम अल्कोहोल असते. म्हणजे आलेल्या पाण्यातले निम्म्याहून अधिक परत जाते.

हा हिशेब कुठे जीवावर बेततो, ते एका रुग्णाच्या उदाहरणाने सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

चाळिशीच्या आतला गवंडी, वजन ६० किलो. रोज संध्याकाळी काम संपल्यावर पिण्याची सवय. सोमवारी ताप चढला, १०३ पर्यंत. डोळ्यांच्या मागे दुखणे, कंबर धरलेली. बुधवारी रक्त तपासले. डेंग्यूची एनएस-१ चाचणी पॉझिटिव्ह, प्लेटलेट्स १ लाख १० हजार, हिमॅटोक्रिट ४२. हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा शेकडा किती, तो आकडा. पॅरासिटामोल आणि भरपूर पातळ पदार्थ घ्यायला सांगून, परत कधी यायचे ते समजावून त्याला घरी पाठवले गेले. गुरुवारी दुपारी ताप उतरला. तीन दिवसांनी अंग हलके वाटले. त्याने अंघोळ केली, थोडा वेळ साइटवर जाऊन आला आणि संध्याकाळी मित्रांबरोबर एक क्वार्टर घेतली. ताप गेला, म्हणजे आजार गेला, हा त्याचा हिशेब. तो चारचौघांसारखाच होता.

शुक्रवारी सकाळी पोटात दुखू लागले, दोन उलट्या झाल्या, उठवेना. बायको म्हणाली, "काल प्यायलास, म्हणून पित्त झालंय." त्यालाही तेच वाटले. लिंबू-सोडा दिला गेला. दुपारपर्यंत तो झोपूनच होता. घरचे म्हणाले, उतरू दे. रुग्णालयात आला तेव्हा तीन वाजले होते. शेवटची लघवी आदल्या रात्री दहाच्या सुमारास झाली होती. हातपाय गार, नाडी मिनिटाला १२४, रक्तदाब ९० वर ७०. हिमॅटोक्रिट ५२, प्लेटलेट्स ३८ हजार.

नातेवाइकांचे डोळे ३८ हजारांवर खिळले होते. प्लेटलेट्स कुठून आणायच्या, पपईच्या पानांचा रस द्यायचा का, अशी विचारणा सुरू झाली. आमचे लक्ष मात्र दुसऱ्या दोन आकड्यांवर होते. ४२ चे हिमॅटोक्रिट दोन दिवसांत ५२ झाले होते, म्हणजे जवळजवळ चोवीस टक्क्यांनी वाढले होते. तांबड्या पेशी काही एवढ्या वाढत नाहीत. रक्तातले पाणी कमी झाले, की पेशींचा वाटा वाढलेला दिसतो. डेंग्यूत ताप उतरण्याच्या सुमारास, बहुतेकदा आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, केशवाहिन्यांच्या भिंती गळू लागतात. रक्तातला पातळ भाग पोटात, छातीत झिरपतो. ही गळती साधारण २४ ते ४८ तास चालते. दुसरा आकडा रक्तदाबाचा. ९० आणि ७० मधले अंतर फक्त २० उरले होते. हे अंतर २० किंवा त्याहून कमी होणे आणि हातपाय गार पडणे, याचा अर्थ रुग्ण शॉकमध्ये गेला आहे. तो शुद्धीवर होता, बोलत होता, म्हणून घरच्यांना हे कळणे शक्य नव्हते.

त्याला पहिल्या तासात ६०० मिलिलिटर सलाइन दिले गेले. मग नाडी, रक्तदाब, लघवी आणि हिमॅटोक्रिट पाहत वेग हळूहळू कमी केला. प्लेटलेट्सची एकही पिशवी लागली नाही. रक्तस्राव नव्हता आणि गळतीवर प्लेटलेट्स हा उपाय नाही. दीड दिवसाने गळती थांबली. तो वाचला.

दारू घेतली नसती तर त्याला शॉक आलाच नसता का? असे मी म्हणणार नाही. डेंग्यूतली गळती विषाणू आणि शरीराची त्यावरची प्रतिक्रिया यांतून होते. पण दारूने दोन गोष्टी नक्की केल्या. गळती सुरू होण्याच्या वेळेला त्याच्याजवळची पाण्याची शिल्लक कमी केली. आणि पोटदुखी, उलट्या, गळून जाणे या डेंग्यूच्या अगदी पाठ्यपुस्तकी धोक्याच्या खुणांना घरच्यांसाठी "कालची उतरली नाही" असे नाव मिळवून दिले. सकाळी सातची खूण दुपारी तीनला रुग्णालयात पोहोचली. शॉकमध्ये हे आठ तास फार मोठे असतात. प्यायलेला नवरा सकाळी ओकतो, हे ज्या घरात नेहमीचे आहे, तिथे उलटी ही धोक्याची खूण राहतच नाही.

त्याची गोष्ट इथे संपली नाही. दाखल झाल्याच्या दुसऱ्या रात्री त्याचे हात कापू लागले, घाम सुटला, तो उठून बसला आणि भिंतीवर मुंग्या चढताहेत म्हणू लागला. ताप डोक्यात गेला, असे शेजारच्या खाटेवरचे म्हणाले. तो रोज पिणारा होता आणि शेवटचा पेग गुरुवारी संध्याकाळी झाला होता. रोज दारू मिळणाऱ्या मेंदूची दारू एकाएकी तुटली, की असे होते. पहिल्या दिवशी हात थरथरतात, झोप लागत नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दोन ते चार दिवसांनी काहींना असा भ्रम होतो आणि उपचार न मिळाल्यास तो जीवघेणा ठरू शकतो. त्याला शांत करणारी योग्य औषधे आणि ब १ जीवनसत्त्वाची इंजेक्शने द्यावी लागली. असे झाले, की नातेवाईक कधीकधी सलाइनच्या बाटलीशेजारी शीतपेयाच्या बाटलीतून "थोडीशी" आणून देतात. हेतू वाईट नसतो. पण यावरचे औषध वॉर्डातच असते. ते वेळेत सुरू व्हायला एवढेच हवे, की रुग्ण रोज पितो हे पहिल्याच दिवशी कुणीतरी डॉक्टरला सांगितलेले असावे.

म्हणून रोज पिणाऱ्याला मी वेगळे सांगतो. तापात पिऊ नका, हे तुम्हालाही लागू आहेच. पण घरात एकट्याने एका फटक्यात बंद करून बसू नका. डॉक्टरला किती आणि किती वर्षे घेता ते खरे सांगा. हे सांगण्याने तुमचा उपचार नाकारला जात नाही, तो नीट होतो.

याच माणसाच्या यकृताच्या चाचण्याही वाढलेल्या होत्या. डेंग्यूत यकृताला सूज येणे नेहमीचे आहे, लेप्टो आणि टायफॉइडमध्येही ते होते. त्यात तापावरची आपली हक्काची गोळी पॅरासिटामोल यकृतातूनच जाते. तिचा थोडा भाग तिथे विषारी पदार्थात बदलतो आणि यकृत आपल्याजवळच्या एका संरक्षक साठ्याने तो निष्प्रभ करते. नियमित पिणाऱ्यात विषारी भाग जास्त तयार होतो, आणि पिणे व उपास यांनी साठा कमी झालेला असतो. योग्य मात्रेत, थोडे दिवस घेतलेल्या पॅरासिटामोलने अशांनाही सहसा इजा होत नाही, म्हणून तिला घाबरू नये. घोळ होतो तो मोजणीत. ६५० ची गोळी चार वेळा, शिवाय मेडिकलमधून आणलेली सर्दीची गोळी, जिच्यात पुन्हा पॅरासिटामोल असते, आणि अंगदुखीची तिसरी. डेंग्यूच्या तापात मोठ्या माणसाने दिवसभरात सगळे मिळून ३ ग्रॅमच्या वर जाऊ नये. रोज पिणाऱ्याने २ ग्रॅमच्या आत राहावे, म्हणजे ६५० च्या तीनच गोळ्या. गोळीच्या पाकिटावरचे नाव न वाचता घटक वाचावा. आणि डेंग्यूची शंका असेल तोवर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अॅस्पिरिन यांना हात लावू नये. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि जोडीला दारू असेल तर जठराला दुहेरी मार बसतो.

मग प्यायचे काय आणि किती? हृदय आणि मूत्रपिंड ठीक असलेल्या मोठ्या माणसाने तापात दिवसाला अडीच ते तीन लिटर पातळ पदार्थ पोटात जातील असे बघावे. नुसते पाणी पुरत नाही, कारण घामातून आणि उलटीतून मीठही जाते. मीठ घालून भाताची पेज, ताक, मुगाचे कढण, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत, कोकम सरबत, शहाळे यांतले जे आवडेल ते चालते. ओआरएसचे पाकीट असेल तर ते त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच, बहुधा एक लिटरमध्ये, पूर्ण विरघळवावे. पेल्यात चिमूट-चिमूट टाकू नये. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. मळमळ असेल तर पेला तोंडाला लावू नये. दर पाच मिनिटांनी दोन-तीन घोट घ्यावेत. गोड रंगीत पेयांवर काहीही छापलेले असले, तरी ती ओआरएसची जागा घेत नाहीत.

किती प्यायले यापेक्षा लघवी किती झाली, हे मोजणे घरी सोपे आणि खात्रीचे आहे. दर चार ते सहा तासांनी, फिकट पिवळी लघवी होत असेल तर पाणी पुरते आहे. सहा तास लघवी झाली नाही, तर रुग्णालय गाठावे. मग ताप असो वा नसो. आणि पाण्याचाही अतिरेक नको. न्यूमोनियासारख्या आजारात शरीर पाणी धरून ठेवते. अशा वेळी नुसते पाणी लिटरच्या लिटर ढोसले, तर रक्तातले सोडियम घसरते. हृदयाचे, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि फार वयस्कर माणसे यांनी माप डॉक्टरकडून घ्यावे. डेंग्यूत गळती थांबल्यावर झिरपलेले पाणी आपोआप रक्तात परत येते. तेव्हा "अजून एक सलाइन लावा" असा आग्रह धरणेही धोक्याचे असते. ते पाणी फुप्फुसात साठू शकते.

विश्रांतीचेही तसेच. तापात नाडी दर अंश फॅरनहाइटला मिनिटाला सुमारे दहाने वाढते. १०२ ताप असलेल्या माणसाचे हृदय पडल्या पडल्या जिना चढत असते. त्यात काम, प्रवास, व्यायाम घातला की उरलेले पाणी आणि शक्ती तिकडे जाते. झोपेबद्दल एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत १६४ निरोगी माणसांची आठवडाभर झोप मोजून नंतर त्यांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडला गेला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. रात्री सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या चौपटीहून जास्त निघाली. हा प्रयोग सर्दी होण्याविषयीचा आहे, बरे होण्याविषयीचा नाही. पण जंतूशी लढणाऱ्या शरीराला झोप लागते, हे त्यातून दिसते. दारूने डोळा लवकर लागतो हे खरे. मात्र उत्तररात्री ती उतरू लागली की झोप तुटत राहते, घसा कोरडा पडतो, छाती धडधडते. सकाळी अंग जास्त मोडून आलेले असते, आणि आजार वाढला की रात्रीची भोवली, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही.

पुन्हा कधी घेता येईल, हे लोक विचारतातच, तर तेही सांगतो. वैद्यकीय दृष्टीने न घेणे केव्हाही बरे. ज्यांना घ्यायचीच आहे, त्यांनी साध्या सर्दी-फ्लूत पॅरासिटामोल न घेता दोन पूर्ण दिवस ताप नाही, जेवण आणि लघवी नेहमीसारखी आहे आणि कोणतेही औषध चालू नाही, एवढे होईपर्यंत थांबावे. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस हेच सर्वांत जोखमीचे, म्हणून तिथे हा नियम पुरत नाही. यकृताच्या चाचण्या पूर्वपदावर येईपर्यंत थांबायला हवे आणि त्याला काही आठवडे लागू शकतात. लेप्टो आणि कावीळ यांतही चाचण्या ठीक आल्याशिवाय थेंब नको. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने आजारातून उठताना, अर्धपोटी, कधीही घेऊ नये. यकृत दारूच्या मागे लागले, की साखर तयार करायचे सोडून देते आणि रात्रीत साखर उतरते.

शेवटी आम्हा डॉक्टरांच्या बाजूचे. तापाच्या हंगामात एका रुग्णामागे दोन-तीन मिनिटे मिळतात, हे मी रोज अनुभवतो. तरीही तापाच्या केसपेपरवर "दारू: रोज / कधीकधी / नाही" एवढी एक ओळ छापायला आणि ती नातेवाइकांसमोर न विचारता भरायला जास्त वेळ लागत नाही. डेंग्यूच्या रुग्णाला घरी पाठवताना जो कागद देतो, त्यावर डास आणि पाणी साठवण्याबद्दल बरेच काही असते. त्यावर ठळक अक्षरात आणखी एक वाक्य हवे: ताप उतरल्यानंतरचे ४८ तास दारू नाही, काम नाही. या काळात पोटदुखी, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गुंगी किंवा बेचैनी, गार हातपाय, यांपैकी एक जरी दिसले किंवा सहा तास लघवी झाली नाही, तर लगेच परत या.

आणि घरच्यांसाठी एक. तापातून उठलेला माणूस पिऊन आला, तर रागवायचे ते सकाळी रागवा. पण सकाळी तो ओकला, पोट धरून बसला, तर त्याला कालच्या दारूची शिक्षा समजून झोपू देऊ नका. आधी त्याचे हातपाय गार आहेत का बघा, शेवटची लघवी कधी झाली ते विचारा, आणि शंका आली तर त्याला रुग्णालयात आणा. येताना त्याने प्यायली होती, हे लपवू नका.